गिरगावातील जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर न्हाणीघर आणि नवे वायरिंग: मूळ घराला धक्का न लावता कसे करावे?

अनघा_गिरगाव

नमस्कार. आमचे घर गिरगावातील एका जुन्या वाडीत आहे. ते दुमजली असून सागवानी खांब आणि तुळया, मधे चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, वरच्या मजल्याला कडीपाट आणि डोक्यावर मंगलोरी कौले अशी त्याची रचना आहे. वाडी हेरिटेज यादीतील परिसरात येते आणि आमच्या घराची श्रेणी तिसरी आहे. न्हाणी आणि संडास दोन्ही तळमजल्यावर, मागच्या अंगाला आहेत. आजी आता चौऱ्याऐंशी वर्षांची असून वर राहते. रात्री दोनदा लाकडी जिना उतरणे तिला शक्य राहिलेले नाही, म्हणून वरच तिच्या खोलीला लागून न्हाणीघर करावयाचे आहे. त्याच वेळी संपूर्ण घराचे वायरिंगही बदलावे लागेल.

एका ठेकेदाराने घर पाहून सांगितले की, मागच्या कोठीच्या खोलीत लाकडी पाट काढून तेथे स्लॅब टाकू, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून फरशी बसवू, आणि भिंतींना झिऱ्या मारून सर्व वायरी आत घेऊ. कोठीची खोली दीड मीटर बाय दोन मीटर दहा सेंटिमीटर आहे आणि ती बरोबर खालच्या न्हाणीच्या डोक्यावर येते. घर पुढच्या पिढीला जसे मिळाले तसे द्यावे अशी आमची इच्छा आहे, पण आजीची सोयही टाळता येणार नाही. होळीनंतर काम सुरू करून पावसाच्या आत संपवायचे आहे. ठेकेदाराचे म्हणणे कितपत योग्य आहे?

सदानंद_बांधकाम

मी तीस वर्षे दुरुस्तीची कामे करीत आहे. स्लॅबची कल्पना मलाही पटत नाही, कारण लाकडी सांगाड्याच्या घरात एकाच कोपऱ्यात काँक्रीट घातले की घर एका बाजूला बसते. मात्र झिऱ्या मारायला हरकत नाही. त्या सिमेंटने न भरता चुन्याने भरल्या की झाले. जुन्या भिंतीला चुना मानवतो, हे एकदा लक्षात ठेवले म्हणजे पुढे त्रास होत नाही. न्हाणीघर मात्र कोठीत न करता मागच्या सज्जावर करा. सज्जा मूळ खोल्यांच्या बाहेर असल्यामुळे घराच्या आतल्या भागाला हात लागणार नाही.

चुनाविटा

अनघाताई, मी संवर्धनाच्या कामात आहे आणि अशाच बांधणीची चार-पाच घरे जवळून पाहिली आहेत. आधी वजनाचा हिशेब मांडते, कारण बाकीचे निर्णय त्यातून निघतात.

तुमच्या कोठीचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटरच्या थोडे आत आहे. वीस सेंटिमीटर जाडीचा कोबा भरला तर त्याचेच वजन अकराशे किलोच्या आसपास जाते, आणि वर फरशीचा थर धरला की साडेचौदाशे किलो होतात. दोन बाजूंना साडेचार इंची विटांच्या भिंती उभ्या केल्या तर आणखी सुमारे एकोणीसशे किलो वाढतात. म्हणजे माणूस, पाणी आणि स्लॅब न धरताच सव्वातीन टनांहून अधिक झाले. आजच्या मानकांनुसार घरातील खोलीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला दोनशे किलो धरतात. त्या हिशेबाने या सबंध खोलीत माणसे आणि सामान मिळून सहाशे तीस किलो येतात. तुमच्या कड्या प्रत्यक्षात किती पेलतात हे संरचना अभियंत्याने मोजूनच सांगायला हवे, पण पाच पटींची ही तफावत केवळ कड्या दणकट आहेत म्हणून भरून निघणारी नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, कोठीच्या आत एक हलकी पेटी उभी करावी. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा सांगाडा, त्याला सिमेंट फायबर बोर्ड, खाली मरिन प्लायचा तळ, त्यावर पाणी अडवणारा पडदा आणि वर पातळ फरशी किंवा विनाइल. या सगळ्याचे वजन साडेचारशे ते पाचशे किलोंत बसते. पेटी जुन्या भिंतीपासून चार सेंटिमीटर सुटी ठेवावी आणि तिची उंची छताच्या आडव्या लाकडांच्या खालीच संपवावी. त्यामुळे जुन्या भिंतीला एकही फरशी चिकटत नाही, चुन्याचा गिलावा पूर्वीसारखा ओलावा सोडत राहतो, आणि पन्नास वर्षांनी कोणाला न्हाणीघर नको असेल तर चार दिवसांत ते उचलून कोठी पुन्हा कोठी होते. वारसा-संवर्धनाच्या बर्रा सनदेत म्हटले आहे की, आवश्यक तितका बदल करावा, पण तो शक्य तितका कमी असावा. तुमच्या कोठीत त्याचा अर्थ इतकाच की, जे जोडाल ते काढता यावे आणि काढताना जुने काही तुटू नये.

सदानंदराव, सज्जाबद्दल माझी शंका आहे. या घरांत सज्जा बहुधा आतल्याच कड्या भिंतीबाहेर काढून त्यांच्यावर टांगलेला असतो. त्याच्या टोकावर भार टाकला की, कडी जिथे भिंतीतून बाहेर पडते त्या ठिकाणी ती सर्वांत जास्त ताणली जाते. पावसाचे पाणी मुरून ती नेमकी तिथेच कुजलेली असते. शिवाय घराची मागची बाजू वाडीतून दिसत असेल, तर बाहेरील बदलाला परवानगी मिळणेही अवघड होईल.

पागडीचा_भाडेकरू

या भानगडीत कशाला पडता? तुमच्या वाडीतही पुनर्विकासाला देण्याची चर्चा सुरू असेलच. आमच्या चाळीत भाडेकरूंनी एकत्र येऊन म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज केला आहे. प्रत्येक घराला स्वतंत्र संडास आणि लिफ्ट मिळेल. पागडीचे हक्क कागदोपत्री नीट आहेत का ते आधी पाहून घ्या.

अनघा_गिरगाव

आपली अडचण मी समजू शकते, पण आमचे घर स्वतःच्या मालकीचे आहे आणि ते पाडण्याचा प्रश्नच नाही. चाळीच्या पुनर्विकासासाठी वेगळा धागा काढलात तर तिथे अधिक उपयुक्त माहिती मिळेल.

चुनाविटा, वजनाचा हिशेब वाचून आम्ही सगळेच चक्रावलो. दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. पेटीचा तळ उंच करावा लागेल काय? तसे असेल तर आजीला पायरी चढावी लागेल. आणि कड्या ठीक आहेत की नाहीत, हे अभियंता येण्याआधी आम्हाला कसे पाहता येईल?

चुनाविटा

कड्या खालच्या न्हाणीतून पाहा, कारण तिथे छत उघडे असेल. प्रत्येक कडीचे भिंतीत शिरणारे टोक बारीक पेचकसाने दाबून पाहा. चांगल्या सागवानात पेचकस शिरत नाही आणि ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो. कुजलेल्या टोकात तो साबणात शिरावा तसा शिरतो आणि आवाज बद्द येतो. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळाले तर उत्तम. लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओलावा कायम राहत असेल तर बुरशी धरण्याचा धोका असतो. मात्र मुंबईच्या हवेत कोरडे लाकूडही बरेच वरचे आकडे दाखवते, म्हणून त्याच कडीच्या मध्यावर आणि टोकाशी असे दोन आकडे घेऊन त्यांतला फरक पाहा.

पायरीचा प्रश्न खराच अवघड आहे. कमोड मागे भिंतीतून बाहेर जाणाऱ्या नळाचा घेतला तर त्याचा नळ तळाच्या वरूनच जातो. पण आंघोळीच्या पाण्याची जाळी तळातच बसवावी लागते. तिच्याखाली दुर्गंधी अडवणारा सापळा आणि नळाला चाळीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असा उतार धरला की तळ साधारण पंधरा सेंटिमीटर वर येतो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या व्यक्तीला रात्री झोपेतून उठल्यावर ही पायरी धोक्याची आहे. उतरंड करायची तर बारास एक या प्रमाणात एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबी लागेल. तेवढी जागा तुमच्याकडे आहे काय?

अनघा_गिरगाव

कोठीबाहेरचा बोळ जेमतेम सव्वा मीटर लांब आहे, त्यामुळे उतरंड बसणार नाही.

काल दुपारी भाऊ आणि मी न्हाणीत स्टुलावर उभे राहून कड्या तपासल्या. एकूण नऊ कड्या आहेत. सात टणक लागल्या. कोपऱ्यातल्या दोन कड्यांच्या टोकांत मात्र पेचकस अर्ध्या बोटाएवढा आत गेला, आणि बाहेर काढल्यावर त्याला ओलसर, तपकिरी भुसा चिकटला होता. बाहेर जाऊन पाहिले तर त्याच कोपऱ्यावरून पन्हळीचा नळ खाली येतो. त्याचा एक सांधा फुटला असून भिंतीवर हिरवट पट्टा उतरला आहे. इतकी वर्षे तो पट्टा आम्ही रोज पाहत होतो, पण त्याचा कडीशी संबंध कधी लावला नव्हता.

सुतारकाम_लालबाग

ताई, ही टोके पाहिल्याशिवाय वर काहीही ठेवू नका. क्रम असा धरा. आधी पन्हळ दुरुस्त करा, मग भिंतीचा तो कोपरा वाळू द्या, आणि त्यानंतर कड्यांना हात लावा. ओल्या भिंतीत नवे लाकूड घातले तर तेही कुजेल. संपूर्ण कडी बदलण्याची गरज नाही. कुजलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि तिरक्या सांध्याने जुन्याच जातीच्या सागवानाचा तुकडा जोडायचा. नाहीतर कडी तशीच ठेवून तिच्या बाजूला नवी कडी लावून दोन्ही बोल्टांनी एकत्र बांधायच्या. जुने लाकूड जास्तीत जास्त वाचवायचे असेल तर मला दुसरा मार्ग बरा वाटतो. स्क्रू आणि बोल्ट पितळेचे किंवा स्टेनलेसचे घ्या. साधे लोखंड सागवानात काळे डाग पाडते, आणि समुद्राच्या हवेत तर फार लवकर गंजते.

पायरीबद्दल एक सुचवतो. तुमच्या कोठीखाली न्हाणीच आहे आणि तिथे छत उघडे आहे. मग सापळा पेटीच्या तळात बसवण्याचा हट्ट का धरायचा? जिथे जाळी येते तिथला एक पाट उचला आणि दोन कड्यांच्या मधल्या पोकळीतून सापळा खाली उतरवा. एकही कडी कापावी लागणार नाही. उचललेल्या पाटावर क्रमांक घालून तो माळ्यावर ठेवा.

चुनाविटा

एरवी मी याला विरोध केला असता. कड्यांमधल्या पोकळीतून जाणारा नळ गळू लागला की महिनोन्‌महिने कळत नाही, आणि तोवर लाकूड गेलेले असते. परंतु येथे खाली दिवाणखाना नसून न्हाणी आहे आणि छत उघडे आहे. थेंब पडला तर त्याच दिवशी दिसेल. त्यामुळे सुतारकाकांचे म्हणणे मला मान्य आहे. असे केल्यास तळ पाच सेंटिमीटरपर्यंत खाली आणता येईल.

दोन अटी मात्र पाळाव्यात. पाट सांध्यापाशीच सोडवावा, करवतीने मधे कापू नये, आणि तो उचलण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. दुसरी अट चाचणीची आहे. पाणी अडवणारा पडदा बसल्यावर, फरशी लावण्याच्या आधी, जाळी बंद करून तळावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी दोन दिवस तुंबवून ठेवावे आणि खालच्या न्हाणीतून विजेरीने प्रत्येक कडी पाहावी. कुठे ओल दिसली तर त्याच वेळी पडदा दुरुस्त करता येतो. फरशी बसल्यानंतर तीच ओल शोधायला सगळे उखडावे लागते.

दादरकर_१९३८

आमचे घर दादरला आहे, १९३८ सालचे. आमच्याकडे सर्व वायरिंग भिंतीच्या आतूनच केले आहे आणि दहा वर्षांत काहीही बिघडलेले नाही. त्यामुळे झिऱ्यांना एवढा विरोध का, हे कळले नाही. उघड्यावर पाइप आले की घराची शोभा जाते.

वायरमन_परळ

दादरकर, तुमचे घर त्या काळातले सिमेंट काँक्रीटचे असावे. तिथली भिंत आणि अनघाताईंची भिंत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लाकडी सांगाड्याच्या घरात खांबांच्या मधली वीट बऱ्याच ठिकाणी साडेचार इंचीच असते. पाइप बसण्यासाठी दीड इंच खोल झिरी मारली की भिंतीची तिसरा हिस्सा जाडी गेली. यंत्राच्या हादऱ्याने चुन्याचे सांधे सुटतात ते निराळेच. म्हणून सदानंदरावांचे चुन्याबद्दलचे म्हणणे खरे असले, तरी झिरी चुन्याने भरल्यामुळे गेलेली वीट परत येत नाही.

मी माझ्या उमेदवारीच्या दिवसांत फोर्टमधल्या एका घरात अशाच झिऱ्या मारल्या होत्या. ठेकेदाराच्या सांगण्यावरून त्या सिमेंटने भरल्या आणि वर रंग दिला. जुलै महिन्यात मालकांनी बोलावून भिंत दाखवली. प्रत्येक स्विचपासून छतापर्यंत ओला, गडद पट्टा उठला होता, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना मिठासारखी पांढरी पूड आली होती. बोटाने स्पर्श केला की गिलावा भुरभुर खाली पडत होता. संपूर्ण वायरिंगचा नकाशाच जणू भिंतीवर उमटला होता. ते पाहिल्यापासून चुन्याच्या भिंतीला मी झिरी मारलेली नाही.

ताई, तुमच्याकडे सध्या कोणत्या वायरी आहेत? लाकडी पट्टीच्या आत आहेत की पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या आहेत?

अनघा_गिरगाव

दिवाणखान्यात लाकडी खोबणीची पट्टी आणि तिच्यावर झाकणपट्टी आहे. वरच्या मजल्यावर पट्टीवर काळ्या रबरी वायरी आहेत. स्विच गोल, काळे, पितळी दांड्याचे आहेत आणि ते सागवानी बोर्डावर बसवलेले आहेत. ते ठेवावेत अशी आईची फार इच्छा आहे.

वायरमन_परळ

काळ्या रबरी वायरींना हात लावू नका. वाकवल्या की वरचे रबर बिस्किटासारखे तुटते आणि आतली तार उघडी पडते. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय ती पट्टी हलवू नये. बहुधा दोनच तारा असतील, अर्थिंग नसेल. तसे असेल तर गीझर लावण्याचा विचारही आज करू नका.

मी असे करीन. वरच्या मजल्याच्या मुख्य वायरी छताच्या पोकळीतून, आडव्या लाकडांच्या कडेने, धातूच्या पाइपातून नेईन. तिथे उंदीर असतात आणि कोरडे लाकूडही असते, म्हणून प्लास्टिकचा पाइप नको. तिथून प्रत्येक खोलीत जिथे जुनी पट्टी उतरते, तिथेच नवा बारीक पाइप भिंतीवरून उतरवीन. जुनीच वाट आणि जुनीच भोके वापरायची म्हणजे नव्या जागी घर दुखावत नाही. क्लिपा लाकडी खांबाला किंवा विटांच्या सांध्यात बसवायच्या, विटेत नाही. सांध्यातले भोक चुन्याने बुजते, फुटलेली वीट बुजत नाही. कडीतून वायर नेणे भागच पडले तर कडीच्या उंचीच्या मध्यावर बारीक भोक पाडावे. खालच्या कडेला खाच मारू नये, कारण कडीवरचा सगळा ताण तिथे असतो.

दिव्यांना दीड, प्लगांना अडीच आणि गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. गीझर दोन किलोवॉटचा असला तर तो जवळपास नऊ अँपिअर खेचतो, म्हणून त्याची लाइन स्वतंत्र हवी. न्हाणीघराच्या लाइनवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी अनिवार्य समजा. आजींचा हात ओला असताना तोच त्यांना वाचवेल. अर्थिंगचा खड्डा अंगणात, घराच्या पायापासून किमान दीड मीटर दूर घ्या. आणि गीझर पेटीच्या सांगाड्यालाच टांगा, जुन्या भिंतीला नाही.

दादरकर_१९३८

काँक्रीटचा फरक लक्षात आला, मान्य करतो. पण मग जुन्या लाकडी पट्टीतूनच नव्या वायरी का नेऊ नयेत? पट्टीही राहील आणि पाइपही दिसणार नाहीत.

वायरमन_परळ

त्या पट्टीचे लाकूड शंभर वर्षे वाळलेले आहे. तिच्या आत कोठे सांधा गरम झाला तर बाहेरून कळणार नाही. मी स्वतः त्यातून एकही जिवंत तार नेणार नाही. पट्टी रिकामी करून जागेवर ठेवा.

चुनाविटा

मी याच मताची आहे. रिकामी पट्टी घराचा इतिहास सांगते, आणि शेजारचा साधा पाइप नवा आहे हे कोणालाही ओळखता येते. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही नवी भर ओळखू यावी, पण मूळ रचनेशी विसंगत दिसू नये असा आग्रह आहे. पाइपाला भिंतीचाच रंग द्या, बस्स.

स्विचांबाबत माझे मत वायरमनदादांहून कदाचित वेगळे असेल. माझ्या मते गोल स्विच दिवाणखान्यात बोर्डासकट जागेवर ठेवावेत, पण त्यांना जोडणी देऊ नये. चालू स्विच शेजारी नव्या बोर्डावर असावेत.

वायरमन_परळ

आतले पितळ साफ असेल आणि तपासून चांगले निघाले तर फक्त दिव्यासाठी एक-दोन स्विच चालू ठेवायला माझी हरकत नाही. न्हाणीघराजवळ मात्र मुळीच नाही.

सदानंद_बांधकाम

सज्जाचा विचार मी मागे घेतो. कडीचे टोक कुठे ताणले जाते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पेटीबद्दल मात्र एक शंका राहते. ती चार सेंटिमीटरची फट मुंबईच्या पावसाळ्यात खरेच कोरडी राहील का? चार महिने हवाच ओली असते. त्यात झुरळे आणि उंदीर शिरले तर झाडणार कसे?

चुनाविटा

प्रश्न योग्य आहे. वर-खाली बारीक जाळी बसवावी आणि पेटीची एक बाजू स्क्रूंनी काढता येईल अशी ठेवावी, म्हणजे दिवाळीच्या सफाईत आत पाहता येईल. न्हाणीघरातील वाफ बाहेर काढणारा पंखा जुन्या झरोक्यात बसवावा, त्यासाठी नवे भोक पाडू नये. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये ती फट पूर्ण कोरडी राहील असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी पाहिलेल्या एका घरात ती राहिली, दुसऱ्यात कोपऱ्यात बुरशी आली. त्या घरात पंखा बंद पडलेला होता.

सदानंद_बांधकाम

म्हणजे सगळे त्या पंख्यावर आले. मला अजूनही वाटते की, फट दहा सेंटिमीटर तरी हवी.

अनघा_गिरगाव

दहा सेंटिमीटर चारही बाजूंनी सोडली तर आतली रुंदी एक मीटर वीसच्याही आत येईल आणि आजीला आधार देणाऱ्या माणसाला उभे राहता येणार नाही. पन्हळीच्या कोपऱ्यात, जिथे भिंत ओली आहे, तिथेच फट मोठी ठेवता येईल का, हे अभियंत्यांना विचारते. ते येत्या शनिवारी येणार आहेत. वॉर्ड कार्यालयातील इमारत विभागात अर्ज देण्यासाठी नकाशाही काढून घेत आहोत. तिसऱ्या श्रेणीत आतले बदल सहसा करू देतात, तरी मलनिस्सारणाचा नळ मागच्या बाजूने उतरणार असल्यामुळे आधी लेखी मंजुरी घेऊनच हात लावू.

पायरीचे मात्र जमेल असे दिसते. आजीच्या खोलीचा उंबरठा मी काल मोजला. तो सहा सेंटिमीटर आहे आणि ती तो दिवसातून वीसदा, चौकटीला एक हात लावून ओलांडते. न्हाणीघराचा तळ पाच सेंटिमीटर ठेवून दाराच्या त्याच हाताला, पेटीच्या सांगाड्यात पक्का बसवलेला दांडा द्यायचा असे ठरवले आहे. दांडा किती उंचीवर हवा, ते तिला उभे करून तिच्या मनगटावरून ठरवीन.

सुतारकाम_लालबाग

दांड्याच्या मागे सांगाड्यात आडवी पट्टी आधीच टाकायला सांगा. बोर्ड लागल्यावर तिथे स्क्रू धरत नाही. आणि पन्हळ या आठवड्यातच बदला, अभियंत्याची वाट पाहू नका. भिंत वाळायला तेवढे दिवस जास्त मिळतील.